नऊ खुणा, एक कारण: एका रक्ततपासणीचं वाचन

रिपोर्ट मुलीच्या हातात होता. आई शेजारच्या खुर्चीत गप्प बसली होती. मुलीने तीन पानं टेबलावर मांडली. ज्या ज्या आकड्यापुढे ‘एच’ किंवा ‘एल’ छापलं होतं, त्या प्रत्येकाभोवती तिने लाल पेनने गोल काढला होता. मी मोजले, नऊ होते.

“डॉक्टर, प्लेटलेट वाढल्यात आणि शुगरपण निघालीय. आई रात्रभर झोपली नाही,” ती म्हणाली.

आई ४३ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. गेले चार महिने थकवा होता, दोन जिने चढले की दम लागायचा आणि केस फार गळत होते. थायरॉइड असेल असं वाटून त्यांनी तपासण्यांचं एक पूर्ण पॅकेज करून घेतलं. थायरॉइड व्यवस्थित निघालं. गोल पडले ते भलतीकडेच.

त्या दिवशी मला ती तीन पानं समजावून सांगायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास आणि पुढचे सहा महिने इथे जमतील तेवढे तपशीलवार लिहितोय, कारण नऊ गोल असलेला रिपोर्ट घेऊन घाबरलेला माणूस मला दर आठवड्याला भेटतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या गोलाला घाबरलेला असतो.

एच आणि एल कशावरून ठरतं

आधी त्या छापील मर्यादेबद्दल. आकड्याच्या उजवीकडे जी ‘नॉर्मल रेंज’ लिहिलेली असते, ती साधारण अशी ठरते: निरोगी समजलेल्या माणसांचा एक गट घ्यायचा, किमान १२० जण तरी, त्यांची तीच तपासणी करायची, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाजूला काढायचे. मधले जे ९५ टक्के उरतात, त्यांची हद्द म्हणजे ती रेंज. याचा सरळ अर्थ असा की, त्या गटातल्या १०० निरोगी माणसांपैकी पाच जणांपुढे ‘एच’ किंवा ‘एल’ छापून येणारच, आणि ते आजारी नसतील.

एका पॅकेजमध्ये वीस वेगवेगळ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तपासण्या असल्या, तर धडधाकट माणसाच्या विसाच्या वीस मर्यादेत येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के असते. म्हणजे खूप तपासण्या एकदम करून घेतल्या की एखादा गोल पडतोच. हे ऐकल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी सैल भावना दिसली. पण लगेच सांगावं लागलं की, त्यांच्या बाबतीत सगळं असं सोडून देता येणार नाही.

कारण अंतर महत्त्वाचं असतं. खालची मर्यादा ८० असते आणि आकडा ७९ आला, ही एक गोष्ट. आकडा ६९ आला, ही दुसरी. दोन्हींपुढे एकच ‘एल’ छापला जातो. मशिनला हद्द ओलांडली एवढंच सांगता येतं, किती ओलांडली आणि सोबत आणखी काय हललं हे माणसाने बघायचं असतं.

म्हणून मी नऊ गोलांची यादी बाजूला ठेवली आणि त्यातले जे एकाच घरातले आहेत ते एकत्र केले. हिमोग्लोबिन ९.४, हिमॅटोक्रिट ३०, एमसीव्ही ६९, एमसीएच २१.६, एमसीएचसी ३१ आणि आरडीडब्ल्यू १८.२. हे सहा गोल वेगवेगळे दिसतात, पण सगळे लाल पेशींबद्दलच बोलतात. त्यातले काही तर मोजलेलेही नसतात, बाकीच्या आकड्यांचा भागाकार करून काढलेले असतात. हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान असल्या की त्यांच्याशी बांधलेले आकडेही खाली येणारच. सहा आजार नाहीत, एक आहे. उरले तीन: प्लेटलेट ४ लाख ७० हजार, पांढऱ्या पेशींतला इओसिनोफिल हा प्रकार ७ टक्के आणि साखरेबद्दल सांगणारं एचबीए१सी ६.०. या तिघांकडे नंतर येऊ.

“रक्त कमी आहे” म्हटल्यावर काय ऐकू जातं

इथे शब्द जपून वापरावे लागतात. मी बरीच वर्षं “तुमचं रक्त कमी आहे” असं म्हणायचो. मग एका आजोबांनी विचारलं, “किती बाटल्या कमी आहेत?” तेव्हा लक्षात आलं, ऐकणाऱ्याला अंगातलं रक्त आटल्यासारखं वाटतं आणि ते भरून काढायला रक्त चढवणं हाच उपाय डोळ्यांपुढे येतो. रक्त तेवढंच असतं. त्यात ऑक्सिजन वाहून नेणारा जो लाल पदार्थ आहे, हिमोग्लोबिन, तो कमी झालेला असतो. “रक्त पातळ झालंय” हा तर आणखी फसवा शब्द. त्याने काहींना हृदयरोगावरच्या गोळ्या आठवतात.

आणि ‘पेशी’. मी बाईंना म्हणालो, “तुमच्या पेशी लहान झाल्या आहेत.” त्या चटकन म्हणाल्या, “पण रिपोर्टमध्ये तर वाढल्यात.” बोलताना आपण ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतो ते बहुतेक डेंग्यूच्या तापात, आणि तिथे पेशी म्हणजे प्लेटलेट. त्यामुळे नुसतं ‘पेशी’ म्हटलं की समोरचा प्लेटलेटच धरून चालतो. तेव्हापासून मी दरवेळी पूर्ण नाव घेतो: लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट.

बाईंना मी म्हटलं, “ताई, लाल पेशी म्हणजे डबा समजा आणि हिमोग्लोबिन त्यातला माल. माल तयार करायला लोह लागतं. लोह मिळालं नाही तर शरीर डबेच लहान करतं. एमसीव्ही म्हणजे डब्याचा सरासरी आकार. तो ८० ते १०० असायला हवा, तुमचा ६९ आहे.”

“आणि हे आरडीडब्ल्यू?”

“तुम्ही वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभं करता ना? सगळी एकाच उंचीची असली तर हा आकडा लहान येतो. लहानमोठी मिसळली असली तर मोठा. तुमच्या रक्तात काही डबे जुने, बऱ्यापैकी मोठे आहेत, काही नवे, अगदी लहान. म्हणून १८.”

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह कमी पडायला लागलं की नव्या पेशी लहान तयार होतात, पण आधीच्या चांगल्या पेशी रक्तात फिरतच असतात. सरासरी अजून बरी दिसते, पण मिसळ झालेली असते. म्हणून लोहाच्या कमतरतेत आरडीडब्ल्यू बऱ्याचदा आधी वाढतो आणि हिमोग्लोबिन मर्यादेखाली जातं ते नंतर. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे माझ्यावरच येणार आहे.

लहान पेशींचं दुसरं कारण

एमसीव्ही कमी दिसला की लोहाची गोळी लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण पेशी लहान असण्याचं दुसरं एक नेहमीचं कारण आहे: थॅलेसेमिया मायनर. तो आजार नाही, जन्मापासूनचा गुण आहे. त्या माणसाला सहसा काही त्रास नसतो आणि लोहाच्या गोळ्यांनी त्याच्या पेशी मोठ्या होत नाहीत. वर्षानुवर्षं विनाकारण लोह घेणारी अशी माणसं मी पाहिली आहेत. हा गुण कळायला हवा तो मुख्यतः पुढच्या पिढीसाठी, कारण आई आणि वडील दोघांतही तो असेल तर मुलाला थॅलेसेमियाचा गंभीर प्रकार होऊ शकतो.

रिपोर्टमध्येच दोघांना वेगळं करणाऱ्या खुणा असतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये डबे लहान असतात, पण शरीर ते भरपूर बनवतं. लाल पेशींची संख्या बऱ्याचदा ५० लाखांच्या वर असते, आणि सगळे डबे सारखेच लहान असल्याने आरडीडब्ल्यू फारसा वाढत नाही. बाईंच्या लाल पेशी ४३.५ लाख होत्या आणि आरडीडब्ल्यू १८. एक जुना ठोकताळा आहे: एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या लाल पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे कल, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. ६९ भागिले ४.३५ म्हणजे जवळजवळ १६. पण हा ठोकताळाच. तो चुकतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसात असल्या तर हमखास गोंधळतो.

त्याहून भक्कम पुरावा कागदावर नव्हता, तो जुन्या रिपोर्टांत होता. मी विचारलं, “आधीचे रिपोर्ट आहेत का?” मुलीने फोनमध्ये शोधून दोन काढले. तीन ओळी मी त्याच कागदाच्या मागे लिहिल्या:

| | हिमोग्लोबिन | एमसीव्ही | आरडीडब्ल्यू |
|---|---|---|---|
| दोन वर्षांपूर्वी | १३.१ | ८८ | १३.४ |
| गेल्या वर्षी | १२.१ | ८१ | १५.१ |
| आता | ९.४ | ६९ | १८.२ |

जन्मापासून पेशी लहान असत्या तर दोन वर्षांपूर्वी एमसीव्ही ८८ आलाच नसता. थॅलेसेमियाचा प्रश्न जवळजवळ तिथेच संपला.

पण मधल्या ओळीवर माझी नजर अडकली. गेल्या वर्षीचा रिपोर्ट मीच पाहिला होता. बायकांसाठी हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, ते १२.१ होतं. एमसीव्ही ८० च्या वर हवा, तो ८१ होता. एकच ‘एच’ होता, आरडीडब्ल्यूपुढे, आणि तोही हद्दीच्या जेमतेम बाहेर. मी पान उलटलं होतं आणि म्हणालो होतो, “सगळं नॉर्मल आहे.”

ते खरं नव्हतं. एका वर्षात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने उतरलं होतं, पेशी सात अंकांनी लहान झाल्या होत्या. आकडे मर्यादेच्या आत होते, पण ते खाली निघाले होते. आधीच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवला असता तर मला ते दिसलं असतं. मी बाईंना तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मुलीने मात्र गेल्या वर्षीच्या आरडीडब्ल्यूभोवती दहावा गोल काढला.

माणसाची स्वतःची रेंज छापील रेंजपेक्षा अरुंद असते. ज्या बाईंचं हिमोग्लोबिन नेहमी १३ असतं त्यांच्यासाठी १२.१ म्हणजे घसरण. ज्यांचं कायमच १२.१ असतं त्यांच्यासाठी तो फक्त त्यांचा आकडा. म्हणून रक्ताचा रिपोर्ट फेकायचा नसतो. शक्य असेल तर तपासणी एकाच लॅबमध्ये करावी, कारण मशिन आणि पद्धत बदलली की रेंजही थोडी बदलते, आणि मग घसरण खरी की लॅबमधल्या फरकाची, हे सांगणं कठीण होतं.

साठा किती उरला होता

लोह कमी आहे हा अजून अंदाजच होता. खात्रीसाठी फेरिटिन केलं. शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज त्यावरून येतो. घरात पगार येणं कमी झालं तर आधी बचत मोडते, मग रोजचा खर्च अडतो. शरीर तसंच करतं. आधी साठ्यातलं लोह काढून हिमोग्लोबिन टिकवून धरतं आणि साठा संपला की मग हिमोग्लोबिन उतरू लागतं. म्हणजे हिमोग्लोबिन मर्यादेत असताना साठा रिकामा असू शकतो. गेल्या वर्षी बहुधा तेच झालं होतं, फक्त आम्ही फेरिटिन पाहिलं नव्हतं.

फेरिटिन ५ आलं. त्यावर वाद नव्हता. पण समजा १४ आलं असतं, तर? त्या लॅबची छापील मर्यादा १० पासून सुरू होत होती, म्हणजे १४ पुढे काहीच छापलं गेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खालच्या फेरिटिनला लोहाची कमतरता मानते, आणि थकवा किंवा ॲनिमिया असलेल्या माणसात आमच्यापैकी बरेच डॉक्टर ३० पर्यंतचा आकडा संशयाने बघतात. लॅबची हद्द एवढी खाली का? कारण ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या बायकांच्या गटातच रिकाम्या साठ्याच्या अनेकजणी असतात. त्यांचे आकडे रेंजमध्ये मिसळतात आणि हद्द खाली ओढली जाते. वारंवार दिसणारी गोष्ट आणि चांगली गोष्ट या दोन एक नाहीत, पण ‘नॉर्मल’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो.

फेरिटिनची उलटी फसगतही होते. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा त्रास असला की फेरिटिन आपोआप वाढतं. अशा वेळी ते ५० आलं तरी साठा भरलेला आहे असं म्हणता येत नाही. म्हणून ताप असताना ही तपासणी केली असेल तर मी बरं झाल्यावर पुन्हा करायला सांगतो. नुसतं सीरम आयर्न बघूनही निष्कर्ष काढत नाही. ते दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतं आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेतलेली असेल तर खोटंच चांगलं दिसतं.

निघता निघता मुलगी म्हणाली, “डॉक्टर, आई सारखा फ्रीजमधला बर्फ खाते. कडाकडा चावून. आधी नव्हती खात.” बाई लाजल्या. मी म्हटलं, हे आधी सांगितलं असतं तर निम्मं काम तिथेच झालं असतं. बर्फ चावत राहण्याची ओढ लोहाच्या कमतरतेत पुष्कळदा दिसते आणि लोह मिळालं की ती जाते.

लोह गेलं कुठे

लोह कमी आहे हे निदान अर्धवट असतं. ते कुठे गेलं हे शोधायचं राहतं.

गेल्या वर्षी मी विचारलं होतं, “पाळी नियमित आहे का?” त्या म्हणाल्या होत्या, “हो.” खरंच नियमित होती, दर २८ दिवसांनी. माझा प्रश्नच चुकला होता. या वेळी वेगळं विचारलं. किती दिवस जातं? आठ. पहिल्या तीन दिवसांत पॅड किती वेळाने बदलावं लागतं? दोन तासांनी, शाळेत मधल्या सुट्टीची वाट बघावी लागते. रात्री उठावं लागतं का? हो, दोनदा. गाठी पडतात का? पडतात, रुपयाच्या नाण्याएवढ्या. “पण हे गेली दोन वर्षं असंच आहे. मला वाटलं, वयाने होत असेल.”

हिशेब करून दाखवला. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त जाणं हे जास्त जाणं समजलं जातं. समजा १२० गेलं, तर ६० मिलिग्रॅम लोह गेलं. त्वचा, आतडं यांतून रोज जवळपास एक मिलिग्रॅम जातंच, म्हणजे महिन्याचे आणखी ३०. खर्च झाला ९०. आणि खाण्यातून शरीर शोषतं दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम, महिन्याला ३० ते ६०. दर महिन्याची ही तूट दोन वर्षं चालू राहिली, तर आकडा ९.४ वर येण्यात नवल नाही. बाई गणित शिकवतात. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून बेरीज पुन्हा करून पाहिली.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड दिसला. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला, “आईला गाठ निघालीय.” पाळीत पडणाऱ्या रक्ताच्याही ‘गाठी’ आणि ही पण ‘गाठ’, आणि गाठ म्हटलं की मनात कॅन्सरच येतो. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची वाढ, ती जवळजवळ नेहमीच साधी असते, एवढं सांगायला दहा मिनिटं गेली. वय चाळिशीच्या पुढचं म्हणून अस्तराचा नमुना तपासला, तो स्वच्छ आला.

हेच आकडे एखाद्या पुरुषाचे असते किंवा पाळी थांबलेल्या बाईंचे असते, तर मी पाळीचं कारण देऊ शकलो नसतो. तिथे पोट आणि आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव होतोय का, हे आधी शोधावं लागतं: वेदनाशामक गोळ्यांनी झालेला अल्सर, मूळव्याध, कधी आतड्याचा कॅन्सर. अशा माणसाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वर आणणं धोक्याचं असतं, कारण आकडा सुधारतो आणि कारण आत वाढत राहतं.

ज्या तीन गोलांनी झोप उडवली

प्लेटलेट ४ लाख ७०. लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट थोड्या वाढणं नेहमीचं आहे. संसर्ग किंवा सूज असतानाही वाढतात. त्या लोह भरल्यावर उतरतात का, हे बघायचं. उतरल्या नाहीत, किंवा आकडा कितीतरी जास्त असता, तर वेगळा तपास लागला असता.

इओसिनोफिल ७ टक्के, मर्यादा ६. इथे टक्क्यांनी फसवलं. एकूण पांढऱ्या पेशी ६८००, त्याचे ७ टक्के म्हणजे ४७६. मर्यादा ५०० पर्यंत असते. म्हणजे प्रत्यक्ष संख्या ठीक होती. टक्क्यांत एखादी पेशी कमी झाली की दुसरी आपोआप जास्त दिसते. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांत टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या बघावी, ती बहुतेक रिपोर्टांत खालच्या ओळींत दिलेली असते. हा गोल मी खोडला.

तिसरा गोल सगळ्यांत नाजूक होता. एचबीए१सी ६.०. छापलेलं होतं की ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथली मर्यादा निरोगी माणसांच्या ९५ टक्क्यांवरून काढलेली नसते. कितीच्या पुढे धोका वाढतो, ते बघून तज्ज्ञांनी ती ठरवलेली असते. म्हणून या रेंजला साध्या रेंजइतकं सहज बाजूला ठेवता येत नाही. पण उपाशीपोटीची साखर ९२ होती, अगदी व्यवस्थित. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचं माप. पेशी जितके जास्त दिवस रक्तात फिरते तितकी साखर तिला जास्त चिकटते. लोह नसलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं, आणि साखर न वाढताही हा आकडा थोडा वर जाऊ शकतो. उलट, नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर तो खोटा कमी दिसतो, आणि ते जास्त धोक्याचं. बाईंना म्हटलं, “तुम्हाला मधुमेह झालेला नाही, आणि होणार नाही असंही मी आज म्हणत नाही. रक्त सुधारल्यावर हा आकडा पुन्हा बघू. तोवर याच्यावर गोळी नाही आणि काळजीही नाही.”

पुढचे सहा महिने

लोहाची रोज एक गोळी, रिकाम्या पोटी जमली तर उत्तम, चहा-कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर. शौचाला काळसर होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर लोक घाबरून गोळी बंद करतात. गोळीने होणारी शौच काळी-हिरवट असते. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. छातीत दुखलं, बसल्या जागी दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, तरीही वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवायचं. पाळीचं रक्त कमी होण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सोबत सुरू झाले.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं. प्लेटलेट ३ लाख ६० हजारांवर आल्या. पण मुलीने फोनवर विचारलं, “आरडीडब्ल्यू १८ चा २२ झालाय. म्हणजे बिघडलं ना?”

आकडा बिघडला होता, तब्येत सुधारत होती. आता जुन्या लहान डब्यांमध्ये लोह मिळालेले नवे मोठे डबे येऊन मिसळले होते, म्हणून फरक आणखी वाढला. हा ‘एच’ दिसला तेव्हा मला बरं वाटलं. तो वाढलाच नसता आणि हिमोग्लोबिनही हललं नसतं, तर गोळी घेतली जात नाहीये, शोषली जात नाहीये, की रक्त जाणं थांबलं नाहीये, हे शोधावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.८, एमसीव्ही ८४. बर्फ सुटला होता, तो तर पहिल्या काही दिवसांतच. बाईंनी विचारलं, आता गोळी बंद करू? याच टप्प्यावर बहुतेक जण बंद करतात, कारण पानावर आता एकही गोल उरत नाही. फेरिटिन केलं तर २४. म्हणजे रोजचा खर्च भागत होता, बचत अजून झाली नव्हती. आणखी तीन महिने गोळी चालू ठेवली. सहाव्या महिन्यात फेरिटिन ५२ आलं, हिमोग्लोबिन १३.०. एचबीए१सी मुद्दाम तोवर थांबवली होती, कारण मध्येच केली असती तर नव्या पेशींच्या गर्दीमुळे ती खोटी कमी दिसली असती. ती ५.५ आली, उपाशीपोटीची साखर ९०.

त्याच दिवशी मुलीनेही स्वतःचा रिपोर्ट पुढे केला. वय १९. आईबरोबर तिनेही तपासणी करून घेतली होती. हिमोग्लोबिन १२.३, एमसीव्ही ८२, फेरिटिन ११. पानावर एकही एच नाही, एकही एल नाही, आणि तिने कुठेही लाल गोल काढला नव्हता.

“माझं सगळं नॉर्मल आहे ना?” तिने विचारलं.

मी पेन उचलला, फेरिटिनच्या ११ भोवती गोल काढला आणि तिला विचारलं, पहिल्या दोन दिवसांत पॅड किती वेळाने बदलावं लागतं.